‘९९.९ टक्के अपटाइम’ म्हणजे काउंटर किती वेळ अडेल?

प्रश्न : आमची आठ जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. छोट्या दुकानदारांसाठी आणि कारखानदारांसाठी आम्ही बिलं, स्टॉक आणि उधारीचं सॉफ्टवेअर बनवतो. वेबसाइटवर पहिलंच वाक्य असं आहे : ‘क्लाऊड-बेस्ड सोल्युशन, ९९.९ टक्के अपटाइम, ऑटोमेटेड डेली बॅकअप, एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आणि सीमलेस एपीआय इंटिग्रेशन.’ लोक पान बघतात आणि निघून जातात. जे फोन करतात ते सगळं ऐकून ‘बघून सांगतो’ म्हणतात. मी सोप्या भाषेत लिहू या म्हटलं की आमचा मुख्य डेव्हलपर म्हणतो, सोपं केलं की चुकीचं होतं आणि कंपनी पोरकट वाटते. मग लिहायचं तरी कसं?

उत्तर : नमस्कार. तुमच्या डेव्हलपरचं निम्मं म्हणणं मला पटतं. सोपं करताना चुकीचं होतं खरं. पण ते होतं, कारण आपण शब्दाचा अर्थ सांगायला जातो. ‘अपटाइम म्हणजे सिस्टिम चालू राहण्याचा काळ’ असं लिहिलं की शब्द सुटला, पण दुकानदाराच्या हाती काही आलं नाही. त्याला व्याख्या नको असते. समोर गिऱ्हाईक उभं असताना काय होईल, तेव्हा कुणी काय करायचं, किती वेळ जाईल आणि नुकसान कुणाच्या अंगावर पडेल, हे त्याला हवं असतं. ते सांगायचं तर तांत्रिक शब्दापेक्षा जास्त नेमकं बोलावं लागतं. त्यामुळे डेव्हलपरला या कामातून वगळू नका, उलट त्यालाच शेजारी बसवा. तुमचंच वाक्य घेऊ.

आधी ९९.९ टक्के. वाचणाऱ्याला हा आकडा परीक्षेच्या मार्कांसारखा वाटतो, म्हणजे जवळजवळ पैकीच्या पैकी. आता हिशेब करून बघा. वर्षाचे तास ८,७६०. त्यातला ०.१ टक्का म्हणजे सुमारे पावणेनऊ तास. ३० दिवसांच्या महिन्याला तेच सुमारे ४३ मिनिटं. ९९ टक्के लिहिलं असतं तर वर्षाला साडेतीन दिवसांहून जास्त झालं असतं, आणि ९९.९९ लिहिलं असतं तर वर्षभरात मिळून ५३ मिनिटांच्या आत. टक्क्यांत हे तिन्ही आकडे सारखेच दिसतात. तासांत मांडले की दुकानदार लगेच सरळ बसतो, कारण पावणेनऊ तास म्हणजे दुकानाचा एक अख्खा दिवस, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पण तास लिहून काम संपत नाही. हा आकडा तुम्ही महिन्याचा मोजता की वर्षाचा? वर्षाचा असेल तर ते पावणेनऊ तास ऐन गर्दीच्या एकाच दिवशी आले तरी तुमचं वचन कागदावर पाळलेलंच राहतं. ठरवून केलेली दुरुस्ती यात धरता की वगळता? बहुतेक करारांत ती वगळलेली असते. वचन मोडलं तर काय देता? सहसा पुढच्या बिलात थोडी सूट मिळते, बुडालेल्या धंद्याची भरपाई नाही. आणि दुकानदाराचं स्वतःचं इंटरनेट गेलं तर? तुमच्या मोजणीत तेव्हा सर्व्हर चालू आहे, त्याच्या लेखी मात्र सॉफ्टवेअर बंदच. पहिल्या तीन प्रश्नांनी तुमचं वचन किती पक्कं आहे ते कळतं, चौथ्याने त्याचं दुकान चालेल की नाही ते. म्हणून चौथं उत्तर सगळ्यात वर लिहा.

म्हणजे वाक्य साधारण असं होईल : ‘तुमचं इंटरनेट गेलं तरी बिल बनवता येतं. नेट आलं की ती बिलं आपोआप वर चढतात. आमच्या बाजूने बिघाड झाला तर महिन्यात मिळून ४३ मिनिटांपेक्षा जास्त बंद राहणार नाही. तसं झालंच तर पुढच्या महिन्याच्या बिलात सूट देऊ. दुरुस्तीचं काम आम्ही रात्री करतो आणि दोन दिवस आधी मेसेज पाठवतो.’ यातलं जे तुमच्याकडे खरं नसेल ते लिहू नका. नेट नसताना बिल बनत नसेल तर तेही सरळ लिहा : ‘नेट नसेल तर बिल बनत नाही, म्हणून मोबाइलचं इंटरनेट हाताशी ठेवा.’ असं वाचून तुमची मागणी थोडी घटेल असं वाटेल, पण जो फोन करेल तो हे माहीत असूनच करेल.

बॅकअपबद्दल जास्त बोलणार आहे, कारण या शब्दाने मी एका माणसाचं खरंखुरं नुकसान झालेलं पाहिलं आहे. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत कोटेशन लिहायचे. स्पेअर पार्ट विकणाऱ्या एका दुकानदाराला पाठवलेल्या कोटेशनमध्ये मी लिहिलं होतं, ‘डेली बॅकअप, सेव्हन-डे रिटेन्शन’. त्याने वाचलं, मान डोलावली, सही केली. पुढे त्याच्या दुकानातल्या नव्या मुलाने जुनी खाती साफ करताना चालू उधारीच्या काही पार्ट्याही पुसून टाकल्या. हे लक्षात आलं अकराव्या दिवशी, एका पार्टीला वसुलीचा फोन करायला घेतला तेव्हा. आमच्याकडे शेवटच्या सात दिवसांच्याच प्रती होत्या, आणि त्या सातही प्रतींत ती खाती पुसलेलीच होती. बॅकअप रोज न चुकता झाला होता. आमचं यंत्र कुठेही चुकलं नव्हतं. तो मला एवढंच म्हणाला, ‘मॅडम, सात दिवस म्हणजे हे, असं तुम्ही तेव्हा सांगायचं.’ त्यानंतर मी तो शब्द कोटेशनमध्ये एकटा कधी जाऊ दिला नाही.

बॅकअप या एका शब्दात तीन वेगळी वचनं दडलेली असतात. पहिलं, बिघाड झाला तर किती काम वाया जाईल. बॅकअप रात्री २ वाजता होत असेल आणि सर्व्हर संध्याकाळी ६ ला बसला, तर सकाळपासूनची सगळी बिलं कागदावरून पुन्हा भरावी लागतील. दर तासाला होत असेल तर जास्तीत जास्त एका तासाचं काम जाईल. तुमचा डेव्हलपर याला रिकव्हरी पॉइंट म्हणेल. दुसरं, पुन्हा चालू व्हायला किती वेळ लागेल. प्रत सुरक्षित असली तरी ती परत चढवायला दहा मिनिटं लागतात की दुसरा दिवस उजाडतो, हे वेगळं वचन आहे. याला तो रिकव्हरी टाइम म्हणेल. तिसरं, किती जुनी चूक दुरुस्त करता येईल. हेच ते रिटेन्शन, ज्याने त्या दुकानदाराचा घात केला.

हे तीन आकडे डेव्हलपरकडून मागून घ्या, आणि मागताना एक जास्तीचा प्रश्न विचारा : बॅकअपमधून सगळं परत चढवून शेवटचं कधी पाहिलं होतं? हा प्रश्न विचारल्यावर खोलीत शांतता पसरली तर पान लिहिणं थांबवा आणि आधी ती चाचणी करा. प्रत घेतली जाते हे बऱ्याच कंपन्यांना माहीत असतं. ती उघडते का, हे बिघाडाच्या दिवशीच कळतं.

मग लिहा : ‘तुमच्या हिशेबाची प्रत दर तासाला आमच्याकडे जपली जाते. आमचा सर्व्हर पूर्ण बिघडला तर जास्तीत जास्त शेवटच्या एका तासाची बिलं पुन्हा भरावी लागतील. नव्या सर्व्हरवर त्याच दिवशी काम सुरू करून देतो. कुणी चुकून काही पुसलं तर ३० दिवसांच्या आत कळवा, परत आणून देऊ. त्यानंतर आणता येत नाही.’ शेवटचं छोटं वाक्य काढून टाकायचा मोह होईल. काढू नका. दुकानदार रोज उधारीच्या मुदती सांगतो आणि ऐकतो, त्यामुळे मुदत सांगणाऱ्या माणसावर त्याचा विश्वास बसतो.

याच ओघात एक गैरसमज पानावरच मिटवा. ‘माझं सगळं क्लाऊडवर आहे, म्हणजे बॅकअप आहेच’ असं पुष्कळांना वाटतं. दुकानातला कॉम्प्युटर आणि घरचा मोबाइल दोन्हीकडे एकच माहिती दिसणं, याला सिंक म्हणतात. सिंकमध्ये एकीकडे पुसलं की दुसरीकडेही पुसलं जातं. कालची प्रत वेगळी काढून ठेवली असेल तोच बॅकअप. एवढ्या दोन-चार ओळी तुमच्या पानावर असल्या, तर दुसऱ्या कंपनीकडून आलेलं कोटेशनसुद्धा माणूस तुमच्या ओळींशी ताडून बघेल.

एपीआय इंटिग्रेशनचं तसंच आहे. ‘दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलतात’ असं लिहायची पद्धत आहे. ऐकायला गोड आहे, पण बोलतात म्हणजे काय करतात? तुमच्या गिऱ्हाइकासाठी याचा पहिला अर्थ असा, की ऑनलाइन आलेली ऑर्डर पुन्हा हाताने बिलात टाइप करावी लागत नाही. त्यापुढचा प्रश्न : किती वेळाने? समजा तुमचं सॉफ्टवेअर ऑनलाइन दुकानाशी दर १५ मिनिटांनी हिशेब जुळवतं. ११ वाजता जुळवला. एका मालाचा शेवटचा नग ११ वाजून २ मिनिटांनी काउंटरवर विकला गेला. ऑनलाइन दुकानाला हे ११:१५ पर्यंत कळणार नाही. ११:०९ ला तिथे कुणीतरी तोच नग मागवला आणि पैसेही भरले. आता एक नग आणि दोन गिऱ्हाइकं. ‘सीमलेस’ या शब्दात ही १५ मिनिटं दिसतच नाहीत.

म्हणून लिहा : ‘काउंटरवर विकलेला माल १५ मिनिटांच्या आत ऑनलाइन दुकानातून कमी होतो. ज्या मालाचे दोन-तीनच नग उरलेत तो ऑनलाइन लपवायची सोय आहे, म्हणजे एकच वस्तू दोघांना विकली जाणार नाही.’ जोडणी तुटली तर कळतं कसं, हेही सांगा. समोरच्या सॉफ्टवेअरने आपल्या बाजूने बदल केला की जोडणी तुटू शकते, आणि ती बहुतेकदा आवाज न करता तुटते. मालकाला दोन दिवसांनी स्टॉक चुकलेला दिसतो. तुम्ही मेसेज पाठवत असाल तर तेच तुमचं खरं सांगण्यासारखं काम आहे, आणि नेमकं तेच तुमच्या आत्ताच्या वाक्यात नाही.

एंड-टू-एंड एन्क्रिप्शनबद्दल मात्र आधी सावध करते. डेव्हलपरला एवढंच विचारा : गिऱ्हाईक अडचणीत असताना आपला सपोर्टचा माणूस आपल्या स्क्रीनवर त्याचं बिल उघडून बघू शकतो का? उत्तर ‘हो’ असेल तर तुमचं एन्क्रिप्शन एंड-टू-एंड नाही. त्या शब्दाचा अर्थ असा की कुलपाची किल्ली फक्त दोन टोकांच्या माणसांकडे असते, मधल्या कंपनीकडे नसते. तुमच्याकडे बहुधा असं असेल, की माहिती दुकानातून सर्व्हरपर्यंत जाताना कुलूपबंद असते आणि सर्व्हरवरही कुलूपबंद ठेवली जाते, पण किल्ली तुमच्याकडे असते. बिलाच्या सॉफ्टवेअरला हे पुरेसं असू शकतं. फक्त त्याचं नाव वेगळं आहे. २०२० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने झूम कंपनीवर नेमका हाच आरोप ठेवला होता, की एंड-टू-एंड म्हणून सांगितलं, पण किल्ल्या कंपनीने स्वतःकडे ठेवल्या. ते प्रकरण तडजोडीने मिटलं. इतक्या मोठ्या कंपनीच्या अंगाशी आलेला शब्द तुम्ही नुसता भारदस्त वाटतो म्हणून पानावर ठेवू नका.

साधं वाक्य इथे तुम्हालाच वाचवतं : ‘तुमची माहिती वाटेत कुणाला वाचता येत नाही. आमच्याकडे ती फक्त सपोर्टचे लोक बघू शकतात, तेही तुम्ही परवानगी दिल्यावर. कुणी केव्हा बघितलं याची नोंद तुम्हाला दिसते.’ ही परवानगीची आणि नोंदीची सोय नसेल तर पहिलं वाक्य ठेवा, दुसऱ्यातला परवानगीचा भाग काढून ते जसं आहे तसं लिहा आणि तिसरं गाळा. छोट्या मालकाची भीती हॅकरची कमीच असते. आपले भाव आणि आपली गिऱ्हाइकं शेजारच्या स्पर्धकाला कळतील, ही त्याची खरी भीती. ती मनात धरून लिहिलेलं त्याला पटतं.

क्लाऊड-बेस्डला फार जागा देऊ नका. ‘माहिती तुमच्या कॉम्प्युटरवर नाही, आमच्या भाड्याच्या सर्व्हरवर असते, म्हणून दुकानातून, घरून किंवा मोबाइलवर सारखीच दिसते’ एवढं बास. लोक इथे बँकेच्या लॉकरची उपमा देतात, ती टाळा. लॉकर आपल्या किल्लीशिवाय उघडत नाही, आणि तुमच्याकडे तर किल्ली कंपनीकडे आहे हे आत्ताच पाहिलं. उपमा बहुतेक वेळा नेमकी जिथे गिऱ्हाइकाला धोका असतो तिथेच तुटते. त्यापेक्षा एक घडलेला प्रसंग सांगितलेला बरा.

आता डेव्हलपरच्या दुसऱ्या धास्तीबद्दल. तांत्रिक शब्द पानावरून हाकलू नका. वाक्य आधी, शब्द नंतर, बारीक अक्षरात, असा क्रम ठेवा : ‘३० दिवसांच्या आत कळवा, परत आणून देऊ’ आणि त्याखाली ‘तांत्रिक भाषेत : रिटेन्शन ३० दिवस’. मालक बहुतेकदा एकटा ठरवत नाही. तो पान आपल्या हिशेबनिसाला किंवा कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या ओळखीच्या माणसाला दाखवतो, आणि तो माणूस हेच शब्द शोधतो. शिवाय दुसऱ्या कंपनीच्या कोटेशनमध्ये तोच शब्द आला की मालकाला तुमच्या पानामुळे त्याचा अर्थ कळलेला असतो.

मथळ्यांत मात्र शब्द नकोत, तिथे गिऱ्हाइकाची अडचण लिहा. अडचणीत सापडलेला माणूस सर्चमध्ये ‘ऑटोमेटेड बॅकअप सोल्युशन’ टाइप करत नाही. तो लिहितो, ‘कॉम्प्युटर बिघडला, जुनी बिलं परत कशी मिळवायची’. असे मथळे बसून सुचत नाहीत, ते तुमच्या सपोर्टच्या फोनमध्ये आधीच आहेत. गेल्या महिन्याभरातल्या फोनची पहिली वाक्यं, जशी बोलली गेली तशीच, उतरवून काढायला सांगा. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये लोक काय टाइप करून तुमच्या पानापर्यंत आले तेही दिसतं. फार थोड्या लोकांनी टाइप केलेलं गोपनीयतेसाठी तिथे लपवलेलं असतं, म्हणून लहान कंपनीने फोनवरच जास्त भर द्यावा.

पान तयार झालं की पाच मालकांना वाचायला द्या, पण ‘समजलं का?’ असं विचारू नका. त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. न कळणाऱ्याला तसं म्हणायची लाज वाटते, तुमच्या फोनवरचं ‘बघून सांगतो’ बऱ्याचदा तिथूनच येतं. पान वाचून झालं की काढून घ्या आणि एक प्रसंग घाला : ‘समजा आज संध्याकाळी ६ ला आमचा सर्व्हर पूर्ण बिघडला. उद्या सकाळी तुमच्याकडे काय असेल आणि काय नसेल?’ उत्तर आलं, ‘शेवटच्या तासाची बिलं मला पुन्हा भरावी लागतील,’ तर वाक्य लागलं. उत्तर आलं, ‘काही जाणार नाही, तुम्ही बॅकअप घेता ना,’ तर वाक्य सोपं आहे पण खोटं बोलतंय. हाच माणूस पुढे तुमच्याकडे रागाने फोन करणार आहे.

ही पाचही वाचनं होताना डेव्हलपर खोलीत असू द्या, मात्र त्याने मध्ये बोलायचं नाही. मालकाला तो आकडा किती वेगळा ऐकू आला हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं की पोरकटपणाचा वाद पुन्हा निघणार नाही. मग पुढचे काही विक्रीचे फोन तुम्ही दोघांनी मिळून ऐका. बोलणं चालू असताना गिऱ्हाईक ज्या शब्दानंतर नुसतं ‘बरं’ म्हणून गप्प होतं, तो शब्द लगेच टिपून घ्या, आणि पानावरचं पुढचं वाक्य त्या शब्दापासून बदलायला घ्या.